शोल्डर, सर्क्लिपची खाच आणि सीलची बैठक: एका बेअरिंग हाउसिंगचे मोजमाप

फिरणाऱ्या शाफ्टचे बेअरिंग ज्या भागात बसते, त्या हाउसिंगचे चित्र वरवर पाहिले तर फार साधे दिसते. बीडाचा एक ओतीव तुकडा, त्यात एक गोल बोअर, बोअरच्या तळाशी बेअरिंग टेकावे म्हणून ठेवलेली पायरी म्हणजे शोल्डर, बेअरिंग परत बाहेर येऊ नये म्हणून सर्क्लिपसाठी एक खाच, आणि सर्वांत बाहेर तेल अडवणाऱ्या सीलची बैठक. या प्रत्येक गोष्टीची मापे तक्त्यांत छापलेली असतात आणि ती उतरवून घेणे कोणालाही जमते. अडचण येते ती या तिघी एकाच बोअरमध्ये एकीपाठोपाठ एक बसवताना, कारण तक्ता प्रत्येकीचे माप स्वतंत्रपणे सांगतो, पण त्यांच्यातील अंतर मात्र आपल्यालाच ठरवावे लागते. या लेखात एकच हाउसिंग घेऊन ते अंतर कसे ठरवायचे ते पाहू.

उदाहरण म्हणून वडोदऱ्यातील मकरपुरा जी.आय.डी.सी.मधल्या छोट्या कारखान्यांत नेहमी बनते तशी एक लहान गिअर पेटी घेऊ. आडवा शाफ्ट, सरळ दात्यांचा गिअर, आत तेल, आणि मिनिटाला १४४० फेऱ्या. बेअरिंग ६२०६, म्हणजे आतला व्यास ३० मि.मी., बाहेरचा ६२ आणि रुंदी १६. शाफ्ट पेटीच्या आतून घातला जातो, गिअर आतच राहतो, आणि बेअरिंग बाहेरच्या बाजूने शाफ्टवर व हाउसिंगमध्ये एकाच वेळी दाबले जाते. त्यामुळे शोल्डर आतल्या बाजूला, मग बेअरिंग, मग सर्क्लिप आणि शेवटी बाहेरच्या तोंडाशी सील, असा क्रम ठरतो. शाफ्टवरही आतल्या बाजूला पायरी आणि बाहेरच्या बाजूला ३० मि.मी. शाफ्टचे सर्क्लिप आहे. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचे बेअरिंग हाउसिंगमध्ये आडवे सरकू शकेल असे मोकळे ठेवले आहे, कारण शाफ्ट गरम होऊन लांबतो आणि दोन्ही टोके जखडली तर ती लांबी बेअरिंगच्या गोळ्यांवर येते.

आधी फिट. शाफ्ट फिरतो आणि भार एकाच दिशेने येतो, म्हणून बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर घट्ट हवी. त्यासाठी शाफ्ट के६, म्हणजे ३० वर अधिक ०.००२ ते अधिक ०.०१५ मि.मी. बाहेरची रिंग स्थिर असते, म्हणून हाउसिंगचा बोअर एच७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३०. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ वर शून्य ते उणे ०.०१३ असतो, त्यामुळे रिंग हाताच्या दाबाने आत सरकते. हाउसिंग फिरत असते आणि शाफ्ट स्थिर असता, तर हाच हिशोब उलटा करावा लागला असता.

आता शोल्डर. ६२०६ च्या बाहेरच्या रिंगच्या कडेला १ मि.मी. त्रिज्येची गोलाई असते. रिंगचा सपाट चेहरा त्यामुळे साधारण ६० मि.मी. व्यासापासून सुरू होऊन सुमारे ५४ पर्यंत जातो. शोल्डरचा आतला व्यास बेअरिंगच्या तक्त्यात जास्तीत जास्त ५६ च्या आसपास दिलेला असतो. त्याहून मोठा ठेवला तर टेकायला पुरेशी जागा उरत नाही. आपण ५५ ठेवू. मग ५५ ते ६० एवढा कंकणाकृती पट्टा रिंगला आधार देतो, आणि आतून पाहिले तर रिंगची थोडी कड उघडी राहते. पुढे कधी बेअरिंग काढायची वेळ आली, तर पितळी दांडा टेकवायला हीच कड उपयोगी पडते. शोल्डर ४५ किंवा ४० पर्यंत खाली आणून ‘मजबूत’ करण्याचा मोह अनेकांना होतो, पण मग बेअरिंग काढायला जागाच राहत नाही आणि तेलाची वाटही अडते.

शोल्डरचा खरा घोटाळा कोपऱ्यात होतो. बोअर आणि शोल्डर जिथे मिळतात तिथे टूलच्या टोकाची गोलाई उमटते. बेअरिंगची गोलाई किमान १ मि.मी. आहे, म्हणून हाउसिंगच्या कोपऱ्यातील गोलाई १ पेक्षा कमीच हवी. इन्सर्टच्या टोकाची त्रिज्या ०.८ किंवा ०.४ असेल तर प्रश्न नाही. पण १.२ चे इन्सर्ट मशीनवर आधीच लावलेले असेल आणि ते न बदलता बोअर पुरा केला, तर बेअरिंग शोल्डरवर टेकतच नाही. ते कोपऱ्याच्या गोलाईवर चढून बसते. तोंडाने ते बसलेले दिसते, प्रेसचा दाबही वाढतो, पण रिंग किंचित तिरपी असते. ओळखण्याची सोपी खूण अशी की, पुढे सर्क्लिप खाचेत उतरत नाही. फिटर मग सर्क्लिपच घासून पातळ करतो, गाडी पुढे जाते, आणि दोष तसाच आत राहतो. सर्क्लिप घासण्याऐवजी बेअरिंग काढून शोल्डरला निळा रंग लावावा आणि बेअरिंग पुन्हा टेकवून पाहावे. रंग पट्ट्यावर न उमटता रिंगच्या गोल कडेवर उमटला तर कारण समजते. नक्षीवर, म्हणजे ड्रॉइंगवर, कोपऱ्याची गोलाई ‘कमाल ०.८’ अशी आकड्यात लिहिणे, किंवा कोपऱ्यात छोटी आडखाच देणे, हे दोन्ही उपाय चालतात. मी पहिला पसंत करतो, कारण आडखाचेचे टूल वेगळे लागते आणि पातळ भिंतीत तिथूनच भेग सुरू होऊ शकते.

शोल्डरचा चेहरा बोअरच्या अक्षाला काटकोनात असणे तितकेच महत्त्वाचे आहे. या आकाराला साधारण ०.०१३ ते ०.०१९ मि.मी. पर्यंतचा तिरपेपणा चालतो. हा आकडा गाठायचा असेल, तर बोअर, शोल्डर, सर्क्लिपची खाच आणि सीलची बैठक ही चारही कामे तुकडा एकदाच चकमध्ये धरून, मध्ये न सोडता करावी लागतात. आपल्या मांडणीत सगळे एकाच बाजूने उघडे असल्यामुळे हे जमते, आणि ही मांडणी निवडण्याचे निम्मे कारण तेच आहे.

आता सर्क्लिप. आतल्या सर्क्लिपची भारतीय मापे आय.एस. ३०७५ मध्ये आहेत आणि ती जर्मन प्रमाणातील मापांशी जुळतात. ६२ च्या बोअरसाठी सर्क्लिपची जाडी २ मि.मी., खाचेचा व्यास ६५, खाचेची रुंदी किमान २.१५. म्हणजे खाच बोअरच्या पृष्ठापासून दीड मि.मी. खोल आहे. ही मापे कोणीही बरोबर लिहितो. चूक होते ती खाच कुठे आहे हे सांगताना.

मकरपुऱ्यात एक ज्येष्ठ फिटर अशी नक्षी हातात आली की पहिला प्रश्न हाच विचारतात: “साहेब, खाच कुठून मोजली आहे आणि कुठल्या भिंतीपर्यंत?” प्रश्न नेमका आहे. खाचेला दोन भिंती असतात. आतली भिंत बेअरिंगच्या बाजूची, बाहेरची भिंत सीलच्या बाजूची. बेअरिंग बाहेर येऊ पाहते तेव्हा सर्क्लिप बाहेरच्या भिंतीवर टेकते. आतली भिंत काहीच काम करत नाही. म्हणून शोल्डरच्या चेहऱ्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंतचे अंतर हेच कामाचे माप आहे आणि नक्षीवर थेट तेच द्यायला हवे.

हिशोब करून पाहू. बेअरिंगची रुंदी १६ वर शून्य ते उणे ०.१२, म्हणजे १५.८८ ते १६.००. सर्क्लिपची जाडी २ वर शून्य ते उणे ०.०७, म्हणजे १.९३ ते २.००. सर्वांत जाड बेअरिंग आणि सर्वांत जाड सर्क्लिप आली तरी ती बसलीच पाहिजे, म्हणून अंतर १८.०० पेक्षा थोडे जास्त हवे. आपण १८.०५ देऊ आणि सवलत अधिक ०.१०. म्हणजे बाहेरची भिंत १८.०५ ते १८.१५ च्या दरम्यान कुठेतरी पडेल. सर्वांत घट्ट जोडणीत ढील राहील १८.०५ वजा १८.००, म्हणजे ०.०५. सर्वांत सैल जोडणीत १८.१५ वजा १५.८८ वजा १.९३, म्हणजे ०.३४. या गिअर पेटीला एवढी ढील चालते.

आता हीच खाच नेहमीच्या सवयीने मोजली तर काय होते ते पाहा. शोल्डरपासून आतल्या भिंतीपर्यंत १६.०० अधिक ०.१०, आणि खाचेची रुंदी २.१५ अधिक ०.१४. दोन्ही सवलती एकमेकींवर चढतात. बाहेरची भिंत १८.१५ पासून १८.३९ पर्यंत कुठेही जाऊ शकते आणि सर्वांत सैल जोडणीत ढील ०.५८ होते. तुकडा नक्षीप्रमाणे अचूक आहे, तपासणीत उत्तीर्ण होतो, आणि तरी बेअरिंग अर्ध्या मि.मी.हून जास्त पुढेमागे सरकते. खाचेची रुंदी तीच, टूल तेच, कारागीर तोच. बदलली ती फक्त माप देण्याची पद्धत.

काहींना शंका येते की बाहेरची भिंत १८.०५ आणि रुंदी २.१५ धरली तर आतली भिंत १५.९० वर येते, म्हणजे खाच बेअरिंगच्या खाली थोडी शिरते. शिरू द्यावी. तिथे बेअरिंगची कड गोल आहे आणि मुळात बोअरला टेकतच नाही, त्यामुळे बैठकीतून काहीही कमी होत नाही.

मोजण्यासाठी महागडे उपकरण लागतेच असे नाही. १६.०० मि.मी. जाडीची ग्राइंड केलेली एक तबकडी ६२ च्या बोअरमध्ये सैल जाईल अशी बनवून ठेवावी. ती शोल्डरवर टेकवून, मायक्रोमीटरने जाडी मोजलेले सर्क्लिप खाचेत बसवावे आणि तबकडी व सर्क्लिप यांच्यामध्ये फीलर गेज घालावा. सर्क्लिप २.०० भरले असेल तर गेज ०.०५ चा जायला हवा आणि ०.२० चा जाता कामा नये. खाच कापल्यावर बोअरच्या कडेला बारीक बर उभी राहते. ती पॉलिश कागदाने काढावी, मोठा चॅम्फर मारू नये, कारण दीड मि.मी. खोलीतून पाव मि.मी. चॅम्फरमध्ये गेला तर तेवढी भिंत आपण स्वतःच काढून टाकलेली असते. खाचेच्या तळातील कोपराही जवळजवळ तीक्ष्ण हवा. गोलाई सर्क्लिपच्या जाडीच्या एक दशांशाहून, म्हणजे ०.२ हून जास्त नको. खाच कापण्याचे टूल झिजले की ही गोलाई हळूहळू वाढते आणि सर्क्लिप तळापर्यंत उतरत नाही.

सर्क्लिपला दोन बाजू असतात हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पत्र्यातून ठोकून काढल्यामुळे तिची एक कड गोलसर असते आणि दुसरी धारदार. गोलसर बाजू बेअरिंगकडे आणि धारदार बाजू खाचेच्या बाहेरच्या भिंतीकडे ठेवावी, म्हणजे भार भिंतीच्या पूर्ण उंचीवर येतो. नखाने कड चाचपली तरी फरक कळतो.

मात्र सर्क्लिपवर किती भार टाकायचा याला मर्यादा आहे. ती बोअरच्या भिंतीवर टेकते आणि बेअरिंगचा चेहरा तिला एक मि.मी. आत, गोलाई संपल्यानंतर स्पर्श करतो. एवढ्या अंतरामुळे जोर वाढला की सर्क्लिप बशीसारखी वाकू लागते आणि खाचेच्या कडेवरून निसटायला बघते. म्हणून भार शाफ्टवरून कुठे जातो ते बोटाने नक्षीवर मागोवा घेत पाहावे. आपल्या पेटीत शाफ्ट बाहेर ढकलला गेला, तर शाफ्टची पायरी आतल्या रिंगला ढकलते, गोळ्यांमधून भार बाहेरच्या रिंगवर येतो आणि तिथून सर्क्लिपवर. सरळ दात्यांचा गिअर आडवा भार देत नाही, त्यामुळे इथे सर्क्लिपचे काम केवळ राखणीचे आहे. गिअर तिरप्या दात्यांचा असता आणि त्याचा जोर बाहेरच्या दिशेने असता, तर मी ही मांडणी ठेवली नसती. शोल्डर बाहेरच्या बाजूला घेतले असते, बेअरिंग आतून बसवले असते आणि सर्क्लिप आत ठेवले असते. आणि मोटर दोन्ही दिशांनी फिरणार असेल तर तिरप्या दात्यांचा जोरही दिशा बदलतो हे विसरू नये. तिथे सर्क्लिपऐवजी बोल्टने आवळलेले झाकण बरे.

आता सील. पहिला प्रश्न व्यासाचा. बेअरिंग बाहेरून आत जायचे आहे, म्हणजे बाहेरच्या तोंडाशी ६२ पेक्षा लहान काहीही असू शकत नाही. ३०×५२×७ चे सील बाजारात सहज मिळते, पण या बाजूला ते वेगळ्या झाकणाशिवाय बसणार नाही. उरतात दोन मार्ग. एक, सीलसाठी बोअर ७२ पर्यंत मोठा करणे, आणि दुसरा, ३०×६२×७ चे सील घेऊन तेच बोअर सरळ बाहेरपर्यंत नेणे.

७२ चा मार्ग आकर्षक वाटतो, कारण सीलला टेकायला आपोआप पायरी मिळते. पण त्या पायरीने सर्क्लिपच्या खाचेची बाहेरची भिंत पातळ होते. ६२ च्या सर्क्लिपसाठी खाचेनंतर किमान ४.५ मि.मी. सलग धातू हवा असे तक्ता सांगतो. म्हणजे पायरी शोल्डरपासून १८.१५ अधिक ४.५, म्हणजे २२.६५ च्या आधी येता कामा नये. हाउसिंग आखूड करण्याच्या नादात ही पायरी २० वर घेतलेली एक नक्षी मी पाहिली आहे. तिथे भिंत दोन मि.मी.हूनही कमी उरली होती. बीड ठिसूळ असते; दुसऱ्या दुरुस्तीच्या वेळी सर्क्लिप काढताना खाचेचा तुकडाच उडाला आणि संपूर्ण हाउसिंग भंगारात गेले.

म्हणून मी ६२ चेच सील घेतो. बेअरिंगचा बोअर आणि सीलची बैठक एकाच रेषेत, एकाच टूलने पुरी होते, त्यामुळे दोन्ही समकेंद्री राहतात. सीलच्या बैठकीला एच८ पुरते, आपल्याकडे एच७ आहेच. या व्यासाच्या रबरी आवरणाच्या सीलचा बाहेरचा व्यास नाममात्र मापापेक्षा ०.२० ते ०.३५ ने मोठा असतो आणि तोच दाब त्याला जागी धरून ठेवतो. सर्क्लिपची बाहेरची भिंत १८ च्या पुढे संपते. सीलची आतली बाजू २१.५ वर ठेवली, तर सर्क्लिपच्या कानांपासून सुमारे साडेतीन मि.मी. मोकळे राहतात. सील ७ जाड, म्हणजे २८.५ वर संपेल. बोअरची खोली शोल्डरपासून ३० ठेवू आणि तोंडाशी १५ ते २० अंशांचा, सव्वा मि.मी. लांबीचा चॅम्फर देऊ. तो चॅम्फर गुळगुळीत नसेल तर सीलचे रबर आत जातानाच कापले जाते आणि तेल सीलच्या बाहेरच्या अंगाने झिरपते. ओठ निर्दोष असूनही गळती होते तेव्हा बहुधा हेच कारण सापडते. पायरी नसल्यामुळे सील किती आत जाईल हे दाबणाऱ्या डॉलीने ठरवायचे. डॉलीची कड हाउसिंगच्या चेहऱ्यावर टेकली की सील दीड मि.मी. आत थांबले पाहिजे. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत.

सील आणि बेअरिंग यांच्यामधल्या पोकळीत तेल साचते आणि परतीची वाट नसेल तर ते ओठावर दाब देत राहते. त्यासाठी सर्वांत खालच्या बाजूला, बेअरिंगच्या बैठकीखालून, पोकळीपासून पेटीच्या आत जाणारे ५ मि.मी.चे एक छिद्र पाडावे, आणि सर्क्लिप बसवताना तिच्या दोन कानांमधील मोकळी जागा खाली त्या छिद्राकडे ठेवावी.

शेवटची गोष्ट हाउसिंगच्या बाहेरची आहे, पण तिच्याशिवाय सीलची बैठक अर्धीच राहते. सीलचा ओठ शाफ्टच्या ज्या पट्ट्यावर घासतो, त्याच पट्ट्यावरून बेअरिंगलाही आत जायचे आहे. शाफ्ट सगळीकडे ३० के६ ठेवला तर बेअरिंग घट्ट घासत जाते आणि पट्ट्यावर उभे ओरखडे पाडते. सीलच्या पट्ट्याला एच११ वर्गातील लहान बाजूची सवलत, म्हणजे ३० वर शून्य ते उणे ०.१३, चालते, तिचा फायदा घेऊन तो पट्टा २९.९२ ते २९.९५ असा ग्राइंड करावा, म्हणजे बेअरिंग त्यावरून मोकळे सरकते आणि आपल्या बैठकीवर येऊन मगच घट्ट होते. पट्ट्याची कठीणता साधारण ४५ एच.आर.सी. हवी आणि पृष्ठ गुळगुळीत, खरखरीतपणा ०.२ ते ०.८ मायक्रॉनच्या दरम्यान. इथे ओठाचा वेग सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास येतो, तो साध्या नायट्राइल रबराला अवघड नाही.

ग्राइंडिंग करताना चाक शाफ्टच्या लांबीने सरकत गेले तर पृष्ठावर डोळ्यांना न दिसणारी आट्यांसारखी रेघ उमटते आणि ती तेलाला स्क्रूसारखी बाहेर ढकलते. नवे सील, नवा शाफ्ट, तरी पहिल्या तासात थेंब, असे झाले की प्रथम हीच शंका घ्यावी. तपासायला शाफ्टला हलके तेल लावून सावकाश फिरवावा, त्यावर बारीक दोरा टाकून त्याच्या टोकाला छोटे वजन लटकवावे. दोरा जागच्या जागी राहिला तर पट्टा ठीक आहे. एका दिशेला सरकू लागला आणि फिरण्याची दिशा बदलताच उलट सरकला, तर तो पट्टा चाक न सरकवता, सरळ आत दाबून पुन्हा ग्राइंड करावा लागेल.